'सावधान' कोण शोधतं?

मामांच्या ज्योतिषाच्या यूट्यूब व्हिडिओंना शीर्षकं द्यायचं काम माझ्याकडे आहे. मानधन एक कप चहा. परवा तोही बुडाला, म्हणून हे लिहितोय.

व्हिडिओ मेष राशीच्या साडेसातीवर होता. २९ मार्च २०२५ला शनी मीनेत गेला आणि मेषेवाल्यांची पहिली अडीच वर्षं सुरू झाली. मी लिहिलं : 'मेष रास साडेसाती : पहिली अडीच वर्षं, नोकरी आणि पैसा'. मामा खूश. पण समोर एक काका बसले होते. आले होते पुतणीची पत्रिका घेऊन. आयुष्यभर विमा विकून निवृत्त झालेला माणूस.

"यात भीती कुठाय?" काका म्हणाले. "भीती नसेल तर पॉलिसी कोण घेतं?"

"काका, ही पॉलिसी नाही."

"सगळं पॉलिसीच असतं रे बाळा. लिहून घे : सावधान! हे ७ दिवस चुकलात तर आयुष्यभर पस्तावाल! उपाय केल्यास १०० टक्के करोडपती!"

मी फोन पुढे केला. "तुम्हाला साडेसाती लागली, तर इथे काय टाइप कराल?" काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि एका बोटाने 'mesh rashi sadesati' टाइप केलं. लागलेल्या यादीवरून त्यांनी अंगठा फिरवला. मी म्हटलं, "बघा, 'सावधान' टाइप केलंत?" काका म्हणाले, "ते मी कशाला टाइप करू? ते तू मला सांगायचं!"

आता यावर काय बोलणार? त्यांच्या शीर्षकात ना रास होती, ना ग्रह. शंभर अक्षरांची मर्यादा, त्यात फोनवर सुरुवातीची अक्षरं तेवढी दिसतात. ती 'सावधान'ला दिली की मेष बाहेर ताटकळत उभी. शिवाय व्हिडिओत मामांनी करोडपतीचा 'क'सुद्धा काढला नव्हता. जे आत नाही ते शीर्षकात लिहिणं यूट्यूबच्याही नियमात बसत नाही, आणि फसलेला माणूस दहा सेकंदांत निघून जातो तो वेगळाच.

मी वर्णनाच्या पहिल्या दोन ओळींत सरळ लिहिलं : मीनेतला शनी मेषेला बारावा, त्यामुळे खर्च आणि प्रवास यांबद्दल परंपरा काय मानते, ते मामा सांगतात. खाली 'हे पारंपरिक मत आहे, खात्री नाही'. 'राशिभविष्य', 'राशीभविष्य', 'rashi bhavishya' अशी सगळी रूपं टॅगमध्ये टाकली. टॅगचा उपयोग तसा फारसा नाही, पण चुकीचं स्पेलिंग करणाऱ्यांसाठी बरे. हीच रूपं वर्णनात वीस वेळा कोंबायचा मोह मामांना होतो. तो मी दर महिन्याला मोडतो. (मामांना पत्रिकेतला मंगळ सापडतो, पण अपलोडचं बटण सापडत नाही.)

काका सगळं शांतपणे बघत होते. मग विचारलं, "तुझी रास कुठली?"

"मेष."

"मग बरोबर आहे. कष्टाचं चीज होणार नाही अडीच वर्षं."

मामांनी मान डोलावली. खात्री द्यायची नाही, असं मी ज्यांना सहा महिने शिकवतोय त्या मामांनी! मामींनी चहा आणला. दोनच कप होते.