पीं म्हणालं, पण कोणाला?

जुन्या फाइलींची नोंद करायचं काम माझ्याकडे आलं, सोबत एक बारकोड स्कॅनरही आला. "काही करायचं नाही, नुसतं टोचायचं," असं सांगण्यात आलं. स्कॅनर यूएसबीत खुपसला, कुठलंही सॉफ्टवेअर न घालता चालला. कारण संगणकाच्या लेखी तो स्कॅनर नसतोच, कीबोर्ड असतो. कोणीतरी फार भराभर टाइप करतंय, एवढंच त्याला कळतं.

पहिली फाइल टोचली. KLP-0143 रकान्यात उमटलं, आणि फाइलीचं नाव लिहायच्या आतच अर्धवट नोंद जतन झाली. दुसरीचं तेच. तिसरीच्या वेळी माझा कर्सर चुकून ऑफिसच्या ग्रुपच्या खिडकीत होता. स्कॅनरने तिथे KLP-0145 टाइप करून पाठवूनही दिलं. साहेबांचं उत्तर आलं, "नोंद घेतली."

दोष एंटरचा होता. बहुतेक स्कॅनर कारखान्यातूनच प्रत्येक कोडनंतर एंटर दाबायची सवय घेऊन येतात. एक्सेलमध्ये एकाखाली एक आकडे भरायचे तर ही सवय सोन्यासारखी. फॉर्ममध्ये मात्र एंटर म्हणजे "झालं, जतन कर". मला हवा होता टॅब, म्हणजे कर्सर नुसता पुढच्या रकान्यात सरकेल.

स्कॅनरला बटण एकच, मग हे सांगायचं कसं? बारकोड दाखवून. माहितीपुस्तिकेत पानभर बारकोड छापलेले असतात: सेटिंग सुरू करा, टॅब जोडा, जतन करा. ते क्रमाने टोचायचे. मी टोचले. पीं, पीं, पीं. आणि स्कॅनर आता आधी एंटर, मग टॅब दाबू लागला! "जोडा" म्हणजे खरोखरच जोडा, आधीचं काढा असं कोणी म्हटलंच नव्हतं. हे नोटपॅड उघडून टोचल्यावर कळलं. नवी ओळ सुरू होऊन कर्सर थोडा आत सरकून उभा होता. एंटर काढायचा कोड वेगळा, तीन पानं मागे.

तो टोचताना हात हलला. त्या पानांवर कोड इतके दाटीने बसवलेले असतात की नेमका शेजारचा वाचला जातो. पण पीं झालंच की! पीं म्हणजे "वाचलं" एवढंच; काय वाचलं ते सांगायला तो बांधील नाही. त्यानंतर पडद्यावर KLP/0146 आलं. अक्षरं बरोबर, अंक बरोबर, फक्त आडव्या रेघेची तिरकी रेघ झालेली. लेबलची छपाई खराब म्हणून मी अर्धा तास प्रिंटरला शिव्या दिल्या.

प्रिंटर निर्दोष होता. मी स्कॅनरला जर्मन करून ठेवलं होतं. स्कॅनर अक्षरं पाठवत नाही, कळा पाठवतो. "अमुक जागेची कळ दाबली" एवढाच निरोप. जर्मन कीबोर्डवर आडवी रेघ जिथे असते, तिथे आपल्या इंग्रजी कीबोर्डवर तिरकी रेघ बसलेली असते. Y आणि Z चीही तिथे अदलाबदल असते, पण माझ्या लेबलांत ती दोन्ही नव्हती, म्हणून चोर उशिरा सापडला. आजूबाजूचे कोड हाताने झाकून पुन्हा अमेरिकन कीबोर्डचा कोड टोचला. शिवाय एंटरही काढला.

मग फाइलीचं नाव मराठीत लिहिलं, पुढची फाइल टोचली आणि पडद्यावर आलं "खथझ".

शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "व्हायरस आहे." मी हातानेच शिफ्ट धरून K, L, P दाबलं. खथझ. म्हणजे स्कॅनरचा दोष नाहीच; मराठीचा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड चालू होता आणि त्यात त्या कळांवर हीच अक्षरं आहेत. टोचण्याआधी विंडोज की आणि स्पेस दाबून इंग्रजी करायचं, नाव लिहिताना पुन्हा मराठी. दर फाइलीला दोनदा. मी दर तिसऱ्या फाइलीला विसरत होतो.

शेवटी पुस्तिकेच्या तळाशी एक सोय सापडली. सगळ्या स्कॅनरांत ती नसते आणि चालते विंडोजवरच. तीत स्कॅनर K ची कळ दाबतच नाही. ऑल्ट धरून बाजूच्या अंकपट्टीवर 075 दाबतो. हा K चा क्रमांक, त्यामुळे भाषा कुठलीही असो, K च उमटतो. फक्त एका अक्षराला तीन अंक दाबायचे म्हटल्यावर वेग मेला. पूर्वी डोळ्याचं पातं लवायच्या आत येणारा क्रमांक आता एकेक अक्षर करत, विचार केल्यासारखा उमटतो.

बाईंनी चष्म्यावरून थोडा वेळ पाहिलं. म्हणाल्या, "आता अगदी तुमच्यासारखं टाइप करतंय."