भीमकुंड की सहस्रकुंड?

"हा फोटो चिखलदऱ्याच्या भीमकुंड धबधब्याचा म्हणून गटात फिरतोय, पण पाणी तर रुंद पसरून पडतंय. नक्की कुठला?"

सहस्रकुंड वाटतो, पैनगंगेवरचा, उमरखेडकडचा. दगडाच्या रंगावर जाऊ नका, दोन्हीकडे काळा बेसाल्टच आहे. आधी पाण्याच्या वरची बाजू पाहा. सहस्रकुंडात अख्खी नदी सपाट खडकावरून येते, खाचाखाचांतून फुटून अनेक धारांनी पडते, आणि मागे तिचं रुंद पात्र दिसतं. भीमकुंडात पठाराच्या कडेवरून ओढा खोल दरीत उतरतो. तिथे पात्र नाहीच, कड्यात मात्र लाव्हाचे आडवे थर पायऱ्यांसारखे दिसतात.

मग झाडी. साग दोन्हीकडे असल्याने झाड ओळखून भागत नाही, ते कुठे उभं आहे ते बघा. चिखलदऱ्याला रान धारेच्या खालीही दरीच्या उतारावर चढलेलं असतं. तुमच्या फोटोत धारेजवळ उघडा खडक आहे, झाडं लांब काठावर.

घोटाळा होतो तो पुरात. सहस्रकुंडाच्या धारा एक होऊन गढूळ पडदा बनतो, मग धारा मोजून उपयोग नाही. आणि फोटो कडेने कापलेला असेल तर पात्रच दिसत नाही. मूळ, न कापलेला मागवा.