चलन नंबर गोपनीय असतो

पीएफचं पासबुक उघडलं होतं ते व्याज पडलं का बघायला. व्याज राहूदे बाजूला, एप्रिलच्या पगारानंतर एकपण एन्ट्री नाही. मे, जून, जुलै, ऑगस्ट चारीच्या चारी कोरे, आणि पगाराच्या स्लिपमधे मात्र दर महिन्याला १८०० रुपये कापलेले, अगदी न चुकता. कापायच्या कामात आमची कंपनी कधी रजा घेत नाही.

मग गेलो अकाउंटला. आमची कंपनी शिरोली एमआयडीसीत, फाउंड्री आहे, नाव सांगत नाही कारण अजून तिथंच नोकरी करायचीय. अकाउंटचे काका स्क्रीनकडं बघत होते आणि समोरच्या खुर्चीत भंगारवाले मामा बसले होते. मामांचं बिल बरेच दिवस अडकलंय आणि ते चेक मिळेपर्यंत काकांच्या प्रत्येक वाक्याला मान हलवायची असं ठरवूनच घरातनं निघतात. हे मला नंतर कळलं. आधी मला वाटलं हे कंपनीचे डायरेक्टरच आहेत.

मी म्हणलं काका, चार महिन्यांचा पीएफ पासबुकात दिसंना.

काकांनी माझीच स्लिप प्रिंटरमधनं काढून माझ्यासमोर ठेवली. "हे काय आहे? १८०० कट. दिसतंय का?"

"कापलेलं दिसतंय, भरलेलं दिसत नाही."

"अहो कापलंय म्हणजे भरलंयच की."

"बराबर हाय सायबांचं," मामा म्हणाले. "कापल्याबिगर भरत्यात व्हय कुठं."

आता या वाक्यात चूक काय आहे हे शोधायला मला अर्धा मिनिट लागला आणि तोवर काका पुढच्या मुद्द्यावर गेले होते. पासबुक उशिरा अपडेट होतं म्हणे. व्याज उशिरा पडतं हे मलापण माहितीय, पण महिन्याचा हप्ता कंपनीनं पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत भरायचा असतो आणि चलन भरलं की थोड्या दिवसात पासबुकात येतो. मेचे पैसे १५ जूनला जायला पाहिजे होते. आता सप्टेंबर संपत आलाय.

"मधे पूर आला नव्हता का?" काका.

म्हणजे पंचगंगेवर बिल. मी म्हणलं काका, पूर जुलै-ऑगस्टात येतो, १५ जूनला नदीत म्हशी पोहत होत्या, आणि चलन नेट बँकिंगनं भरतात, ते काय ट्रकनं हायवेवरनं दिल्लीला जात नाही.

"हायवे बंद हुता की पण," मामा म्हणाले. "माझी गाडी अडकल्याली किणीला."

"तुमची गाडी नाही हो मामा, चलन."

"आवो पण अडकलं तर सगळंच अडकतंय की."

यावर काकांनी मामांकडं इतक्या प्रेमानं बघितलं की मला वाटलं आता चेक सही होतोय. नाही झाला. मग तिसरं कारण आलं, तुमचं आधार लिंक नसेल. हे कारण मात्र खोटं आहे असं एकदम म्हणता येत नाही, २०२१ पासनं आधार जोडलेलं नसेल तर त्या माणसाचं नाव पीएफच्या रिटर्नमधे घालताच येत नाही. पण एप्रिलपर्यंत माझं नाव जात होतं आणि मेपासनं माझं आधार काय सुट्टीवर गेलं? मी सरळ म्हणलं काका, चारी महिन्यांचे चलन नंबर द्या, टीआरआरएन म्हणतात बघा, चलनावरच असतो तो.

काकांनी चष्मा काढला. "तो गोपनीय असतो."

"गोपनीयच असतोय त्यो," मामा. त्यांना टीआरआरएन म्हणजे काय ते माहिती असायची शक्यता शून्य होती, पण विश्वास शंभर टक्के. आणि मग माझ्याकडं वाकून हळूच, "साहेब, त्या तुमच्या पोर्टलवर माझं बिल दिसतंय काय बघा की जरा."

खरी गोष्ट अशी की गोपनीय काहीच नाही. ईपीएफओच्या साइटवर Establishment Search म्हणून एक पान आहे, लॉगिनपण लागत नाही. आपल्या मेंबर आयडीतले शेवटचे सात आकडे आपले, त्याच्या आधीचं सगळं कंपनीचं. कंपनीचं नाव नाहीतर कोड टाकायचा, कॅप्चा भरायचा (तो वाचता आला तर पुढचं सोपं आहे), आणि पेमेंट डिटेल्स उघडले की कुठल्या महिन्याचे, कधी, किती पैसे आणि किती माणसांचे भरले ते समोर येतं. माझं एकट्याचं आधार अडकलं असतं तर मेची ओळ तिथं असती, फक्त माणूस एक कमी दिसला असता. मी घरी येऊन बघितलं तर एप्रिलच्या पुढं ओळच नाही. म्हणजे माझंच नाही, पूर्ण शॉपफ्लोअरचं. माझ्या शेजारच्या टेबलवरचा, कोअर शॉपमधले सगळे, आणि बहुतेक काकापण. ते स्वतःचं पासबुक बघतात का हे विचारायची हिंमत झाली नाही.

मग हिशोब मांडून मेल लिहिला. माझं बेसिक १५,०००, त्याच्या १२ टक्के म्हणजे माझे १८००. कंपनीचे पण तेवढेच, पण त्यातले १२५० पेन्शनला जातात आणि ५५० पीएफला. म्हणजे महिन्याला ३६०० जायला पाहिजेत आणि चार महिन्यांचे १४,४०० कुठंतरी फिरायलेत. लोक फक्त स्वतःचे १८०० मोजतात, कंपनीचा वाटा विसरतातच, कंपनीला ते बरंच पडतं. चारी स्लिपा जोडल्या, पासबुकाची पीडीएफ जोडली, प्रत्येक महिन्याचा चलन नंबर आणि भरल्याची तारीख मागितली. तोंडी विचारू नका, खरंच, तोंडी विचारलं की पूर येतो.

उत्तर आलं दोन ओळींचं, "सोबत जोडले आहे". जोडलं काय होतं? माझीच स्लिप. चौथ्यांदा.

आता चिडचिड होते ती अशी की हे पैसे माझ्या पगारातनं निघालेत. पगारातनं कापलेला पीएफ म्हणजे कामगाराची ठेव असं कायदा धरतो, तो न भरणं हा विश्वासघाताचा गुन्हा होतो, पूर्वी दंडसंहितेत होता, आता न्याय संहितेत कलम ३१६ मधे आहे. उशिरा भरलं तर कंपनीला १२ टक्के व्याज आणि वर दंड. पण तो दंड माझ्या खात्यात येत नाही हो. मी विचारत फिरायचं, मीच तोंड वाईट करून घ्यायचं, आणि दंड मिळणार सरकारी फंडाला. वर कॅन्टीनमधे एकजण मला म्हणतोय भावा, कशाला वाकडं घेतोस मालकाशी. आयला, वाकडं मी घेतलंय?

ईपीएफओच्या तक्रारींच्या पोर्टलवर, ईपीएफआयजीएमएसवर, तक्रार टाकणार आहे असं काकांच्या कानावर घातलं तेव्हा पहिल्यांदा त्यांनी स्क्रीनवरनं मान काढली. "लगेच टाकू नका, बघतो." आठवड्यात मे महिना पासबुकात आला. १८००, ५५०, १२५०, एकदम बरोबर. आणि ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज, "सर्व कर्मचाऱ्यांचा पीएफ जमा करण्यात आला आहे, नोंद घ्यावी." खाली ओळीनं अंगठे. कुठल्या महिन्याचा, हे कुणी विचारलं नाही.

मी विचारलं. जून, जुलै, ऑगस्टचे चलन नंबर मागणारा मेल परत टाकलाय, यावेळी मालकांना सीसीत ठेवून. भंगारवाले मामा काल गेटवर भेटले, म्हणाले माझंपण नाव घाला की त्या सीसीत.