माफी कशाची मागायलाव?

चार-सहा महिने इन्स्टाग्रामवरून गायब होतात, बरं. पण परत येताना हे माफीनाट्य कशाला? "नमस्कार मित्रांनो, बऱ्याच दिवसांनी पोस्ट करतोय, कारणं बरीच होती..." अरे, इथं कुणी हजेरी घेत होतं का? इन्स्टाग्राम कॅप्शनला 2,200 अक्षरं देतं म्हणून सगळी भरायचीच का? फीडमध्ये दिसते सुरुवातीची ओळ-दीड ओळ, बाकीचं ‘more’च्या मागं. म्हणजे लोकांना दिसतं काय, तर नुसता नमस्कार आणि रडगाणं!

अशीच एक पोस्ट बघा. फोटो परभणीकडच्या हुरड्याचा. आगटीतून काढलेली कणसं, तळहातावर चोळलेले गरम दाणे, बाजूला शेंगदाण्याची चटणी. आणि वर ओळ काय? "मनःशांतीसाठी ब्रेक घेतला होता." हुरडा गार झाला की राव!

नमस्कार खोडा. सॉरी खोडा. कारण खोडा. "आता रोज भेटू" तर सगळ्यात आधी खोडा. आठ दिवसांत पुन्हा गायब झालात की दोस्त त्याच ओळीचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकतात. मग उरतं ते एवढंच: "हुरडा निघाला. मीबी निघालो." झालं कॅप्शन. कुणी विचारलंच "कुठं होतास?", तर खाली एक शब्द टाका: "शेतात."