‘राग दरबारी’ वाचा, पण जपून

श्रीलाल शुक्लांची ‘राग दरबारी’ ही हिंदी कादंबरी वाचायला घेणार असाल, तर आधी मनाशी पक्कं करा की तिच्यातलं शिवपालगंज हे गाव इंदूरपासून फार लांब आहे. शिवाय कादंबरी १९६८ सालची, म्हणजे आपला संबंधच नाही. एवढं ठरलं की पोट धरून हसायला मोकळे.

हसायला लंगडपासून सुरुवात करा. त्याला तहसीलीतून एका कागदाची नक्कल हवी असते. तिथला बाबू पाच रुपये मागतो, लंगड म्हणतो दर दोनाचा आहे. बाचाबाची होते आणि दोघंही हट्टाला पेटतात. हा म्हणतो, लाच देणार नाही, कायद्यानंच घेईन. तो म्हणतो, लाच घेणार नाही, कायद्यानंच देईन. झाली पंचाईत! लंगड खेटे घालत राहतो आणि अर्जात दर वेळी काहीतरी खोट निघते. अखेर नक्कल तयार होते, फलकावर तशी नोटीसही लागते, पण लंगड तेव्हा गावी आजारी. मुदत संपते, नक्कल फाडली जाते. सगळं अगदी रीतसर.

आता इथे अतिशयोक्ती नेमकी कशाची आहे, ते शोधत बसू नका. दुसऱ्या एखाद्यानं लाच फुगवली असती, पाचाचे पाच हजार केले असते, बाबूला ढेरी आणि सोन्याचा दात दिला असता. मग आपणही त्याला चार शिव्या हासडून सुटलो असतो. शुक्लांनी लाचेला हातच लावला नाही. ती बाजारभावानं ठेवली. फुगवली ती सचोटी. दोन माणसांनी नियम शब्दशः पाळायचं मनावर घेतलं, आणि तेवढ्यात एक जण आयुष्यातून उठला. मुळात भांडण लाचेवर नव्हतंच, दरावर होतं, ही गोष्ट तर वाचता वाचता नजरेआड झालेलीच बरी.

वाचन मंडळात बोलायची पाळी आली, तर आमच्या रामबागेतल्या एका काकांचा कित्ता गिरवा. पोह्यांवर शेव पेरत त्यांनी लंगड असा रंगवला की काकूंना ठसका लागला. “तीन रुपयांसाठी, हो! काय येडा माणूस!” तेवढ्यात फोन वाजला. घराचं नामांतरण अडलं होतं. काका गॅलरीत गेले, आवाज खाली आणून म्हणाले, “भिया, कायद्यानं जाऊ तर वर्ष लागेल. तुम्ही आपलं काय ते सांगून टाका ना.” मग आत येऊन देशातल्या भ्रष्टाचारावर फार कळकळीनं बोलले.

आणि कुणी आगाऊपणे विचारलंच, की यात वेडा नक्की कोण, तर लगेच शैलीवर या. निवेदक कुठेच चिडत नाही, कचेरीतला सावळागोंधळसुद्धा गंभीर चेहऱ्यानं सांगतो, वगैरे. त्यावर अर्धा तास सहज निघतो.