व्हेंटिलेटरचे दोन जास्तीचे दिवस
«बिल जास्त वाटल्यास प्रशासनाला सवलतीची विनंती करावी.»

नुसत्या विनंतीवर आम्हाला काउंटरवरून “साहेब सोमवारी येतील” एवढंच मिळालं. वडिलांचं बिल ३,४२,००० रुपये, त्यातले २ लाख आधीच भरलेले. मग मी तपशीलवार बिल मागितलं आणि नर्सिंग चार्टशेजारी ठेवून तारखा जुळवल्या. नळी चौथ्या दिवशी काढलेली, व्हेंटिलेटरचं भाडं मात्र सहा दिवसांचं: १३,००० जास्तीचे. फार्मसीला परत केलेल्या औषधांचे ११,४०० वजाच नव्हते. पेन्सिलने खुणा केलेला कागद पुढे सरकवला आणि साहेब शुक्रवारीच भेटले!

२४,४०० कमी झाले. ती सवलत नव्हे, चूक दुरुस्ती. खरी सवलत हवी तर रुग्णालय धर्मादाय आहे का ते आधी बघा. तिथे निर्धन आणि दुर्बल घटकांसाठी प्रत्येकी १० टक्के खाटा राखीव असतात, उत्पन्नाचा दाखला घेऊन समाजसेवकाला भेटायचं, तेही दाखल होतानाच. आम्ही त्या मर्यादेत बसत नव्हतो. उरलेल्या १,१७,६०० पैकी ४७,६०० त्याच दिवशी भरले, बाकी दहा हजारांचे सात हप्ते. ते कोऱ्या चेकवर अडून बसले होते. मी तारीख-रक्कम घातलेलेच दिले आणि हप्त्यांचं पत्र सही-शिक्क्यासह घेतलं.