दुकानात डेमो फोन हातात घेतल्यावर काय बघायचं

मागच्या वर्षी आईला फोन घेतला. दुकानात स्क्रीन झकास दिसली, फोटो छान आला, घेतला. तिसऱ्या दिवशी आईचा फोन: "अगं, बोलता बोलता आवाजच बंद होतो." फोन कानाला लावला तरी स्क्रीन विझत नव्हती आणि तिच्या गालाने म्यूट दाबलं जात होतं. सर्व्हिस सेंटरमध्ये कळलं की बिघाड काहीच नाही. या मॉडेलला कानाजवळ आल्याचं ओळखणारा वेगळा सेन्सरच दिलेला नाही, फोन इतर गोष्टींवरून अंदाज बांधतो.

हे डेमो फोनवर दोन मिनिटांत कळलं असतं. म्हणून आता मी दुकानदाराला सरळ सांगते, माझं सिम घाला, एक कॉल लावू द्या. कॉल चालू असताना फोन कानाला लावायचा, मान जरा तिरकी करायची, दहा-बारा वेळा कानापासून काढून परत लावायचा. बाजूला कुणाला तरी उभं करून स्क्रीन दर वेळी विझते का बघायला सांगायचं. त्याच कॉलवर कानातला स्पीकरही कळतो. मोठ्या स्पीकरसाठी मात्र फोनमधलं डेमो गाणं लावू नका, ते फोन चांगला वाटावा म्हणूनच निवडलेलं असतं. बातम्या लावा, आवाज पूर्ण वाढवा, शब्द फाटतात का ऐका.

सॅमसंगच्या बऱ्याच फोनवर डायलरमध्ये `*#0*#` टाकलं की टच, स्पीकर, सेन्सर तपासायचा मेनू उघडतो. काही डेमो फोनवर तो बंद असतो. फोन कुठे वळला हे ओळखणारा सेन्सर, म्हणजे जायरोस्कोप, आहे का हे बघायला यूट्यूबवर ३६० अंशांचा व्हिडिओ लावून जागीच गोल फिरा. दृश्य तुमच्याबरोबर फिरलं नाही, तर बहुतेक नाहीच.

टचचं थोडं वेगळं आहे. एखादं आयकॉन दाबून धरून स्क्रीनभर, अगदी कडांपर्यंत सावकाश ओढा. मध्येच सुटलं तर तिथे टच मेलेला असू शकतो. पण हा दोष त्या एका नगाचा, दिवसभर शंभर हात लागलेल्या फोनचा. तुमच्या नगात तो नसेल, किंवा डेमो ठीक असून तुमच्यात असेल. म्हणून ही तपासणी खोका उघडल्यावर काउंटरवरच पुन्हा करा. सेन्सर मुळात नसणं, कॅमेऱ्याला जवळचं न दिसणं हे मॉडेलचे गुण, ते डेमोवरच कळतात.

कॅमेऱ्यासाठी मी पर्समधली गोळ्यांची स्ट्रिप काढते. चकचकीत पत्रा, बारीक छापलेली तारीख. दहा सेंटीमीटरवर धरायची, तारखेवर टॅप करायचं. मोठ्या सेन्सरचे बरेच कॅमेरे इतक्या जवळ फोकस करूच शकत नाहीत. काही फोन गुपचूप वाइड कॅमेऱ्यावर उडी मारतात, तेव्हा चित्र किंचित हलल्यासारखं दिसतं आणि अक्षरं पुसट होतात. मग समोरच्या पाटीवर फोन न्या, परत स्ट्रिपवर आणा. फोकस पुढे-मागे चाचपडत बसला तर समजा. दुकानात दिव्यांचा लखलखाट असतो, म्हणून हेच काउंटरखालच्या अंधारातही करून बघा. आई रोज रात्री गोळीची तारीख फोनवर मोठी करून वाचते, तीही झिरोच्या दिव्यात.